सीझन क्रिकेटसाठी पहिली बॅट निवडताना: ग्रेड, ग्रेन आणि प्रेसिंग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनिस चेंडूवर काही वर्षे खेळून झाल्यावर सीझन चेंडूकडे वळणाऱ्या आणि सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात क्लबकडून, बहुतेक वेळा मॅटवर, खेळणाऱ्या खेळाडूंसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. ग्रेड स्टिकरवर छापलेली असते आणि ग्रेन, म्हणजे पात्यावरच्या उभ्या रेषा, डोळ्यांना दिसतात. प्रेसिंग, म्हणजे कारखान्यात पात्याला दिलेला दाब, मात्र हाताने आणि कानानेच ओळखावे लागते. म्हणून येथे प्रेसिंगवर सर्वांत जास्त लिहिले आहे.

बॅटवर लिहिलेली ग्रेड नेमके काय सांगते?

ग्रेड प्रामुख्याने लाकडाचे रूप सांगते. इंग्लंडमध्ये, विशेषतः एसेक्स आणि सफोक या परगण्यांत, बॅटसाठीच लावलेली विलोची झाडे साधारण पंधरा ते वीस वर्षांची झाली की तोडतात, खोडाचे सुमारे ७० सेंटीमीटर लांबीचे ओंडके करतात आणि ते उभे फोडून त्यांच्या फाका काढतात. या फाका वाळत घालण्याआधी आणि वाळल्यानंतर डोळ्यांनी पाहून त्यांची प्रतवारी केली जाते. ग्रेन किती सरळ आहेत, लाकूड किती पांढरे आहे, गाठी, ठिपके किंवा तपकिरी डाग आहेत का, आणि झाडाच्या गाभ्याचे लालसर लाकूड किती आले आहे, एवढेच त्या वेळी पाहता येते. पुढे मेरठ किंवा जालंधरच्या कारखान्यात त्या फाकेला बॅटचा आकार दिला जाताना आत दडलेला एखादा डाग उघडा पडतो, आणि मग कारागीर त्या बॅटची ग्रेड खाली आणतो.

या सगळ्यात चेंडू मारून पाहण्याची पायरी कोठेच नाही. शिवाय ग्रेड ठरवणारी कोणतीही सामाईक संस्था किंवा सर्वांना बंधनकारक असलेले प्रमाण नाही, त्यामुळे एका कंपनीची दुसरी ग्रेड ही दुसऱ्या कंपनीची तिसरी ग्रेड असू शकते, आणि काही कंपन्या तर आकडे न देता आपापली नावेच देतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटची तुलना केवळ ग्रेडच्या आकड्यावरून केली, तर त्या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही.

मग पहिल्या आणि तिसऱ्या ग्रेडमध्ये खेळताना काहीच फरक नसतो का?

काही फरक असतो, पण किमतीतील फरकाच्या मानाने तो फार थोडा असतो, आणि तो प्रत्येक बॅटमध्ये दिसेलच असे नाही. सरळ ग्रेनचे, गाठ नसलेले लाकूड सर्वत्र सारखे दाबले जाते, म्हणून पहिल्या ग्रेडच्या बॅटचा प्रतिसाद पात्याच्या बऱ्याच भागावर एकसारखा मिळण्याची शक्यता अधिक असते. तिसऱ्या ग्रेडमध्ये ही एकसारखेपणाची खात्री कमी होते; याचा अर्थ त्या ग्रेडमध्ये चांगल्या बॅट नसतात असा होत नाही, त्या शोधून काढाव्या लागतात एवढाच होतो. एकाच झाडाच्या दोन फाका, एकीवर तपकिरी डाग आला म्हणून, वेगवेगळ्या ग्रेडमध्ये जातात. त्या डागामुळे चेंडू हळू जात नाही.

पहिली बॅट घेणाऱ्याने चौथ्या ग्रेडकडे मात्र थोड्या सावधपणे पाहावे. अशा लाकडावरील डाग झाकण्यासाठी पाते अनेकदा ब्लीच करून पांढरे केले जाते किंवा त्यावर अपारदर्शक आवरण चढवले जाते, आणि मग ग्रेन व गाठी पाहून निर्णय घेण्याची सोयच राहत नाही. ज्या बॅटचे लाकूड दिसत नाही ती बॅट, कितीही स्वस्त असली तरी, पहिल्या खरेदीसाठी मी सुचवणार नाही.

ग्रेन किती असावेत? दहा-बारा ग्रेनची बॅट सर्वांत चांगली, असे सगळे सांगतात.

पात्यावर वरपासून खालपर्यंत दिसणारी प्रत्येक रेषा झाडाच्या एका वर्षाच्या वाढीची असते. नियमाप्रमाणे पात्याची रुंदी १०.८ सेंटीमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. तेवढ्या रुंदीत पाच-सहा रेषा असतील तर झाड भराभर वाढले, आणि दहा-बारा असतील तर ते सावकाश वाढले, एवढेच त्यातून निश्चितपणे कळते. सावकाश वाढलेल्या झाडाचे, म्हणजे एकमेकांजवळ ग्रेन असलेले लाकूड बहुधा लवकर खुलते, थोड्याच नॉकिंगमध्ये, म्हणजे नवी बॅट लाकडी हातोडीने ठोकून घेतल्यावर, चेंडू चांगला जाऊ लागतो, पण त्याचे आयुष्य बहुधा कमी असते. दूर ग्रेनचे लाकूड खुलायला वेळ घेते, सुरुवातीचे काही सामने ते मंद वाटते, आणि नंतर दीर्घ काळ साथ देते.

ज्याच्याकडे किटमध्ये चार-पाच बॅट असतात, त्याला जवळ ग्रेनची बॅट परवडते. ज्याची ही एकुलती एक बॅट आहे आणि तीच घेऊन नेटमध्येही खेळायचे आहे, त्याच्यासाठी सहा ते आठ ग्रेन हा माझ्या मते योग्य पट्टा आहे. त्यातही आकड्यापेक्षा पात्याच्या खालच्या निम्म्या भागात रेषा सरळ आणि साधारण समान अंतरावर आहेत का, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते, कारण चेंडू तेथेच लागतो. खांद्याजवळ, म्हणजे स्टिकरच्या आसपास, रेषा थोड्या तिरप्या झाल्या असतील तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

डाग, गाठी आणि लालसर कड यांपैकी कशाला घाबरावे?

डाग आणि ठिपके यांना घाबरू नये. एका कडेला दिसणारी लालसर पट्टी म्हणजे गाभ्याजवळचे लाकूड. ते थोडे घट्ट असते, पण बॅट हातात हलकी आणि समतोल वाटत असेल तर त्याने नुकसान होत नाही. गाठीचे मात्र स्थान पाहावे. पात्याच्या मागच्या बाजूला वरती असलेली बारीक गाठ निरुपद्रवी असते, तर टोच्या, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकाच्या, जवळ किंवा कडेवर असलेली गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा कठीण असल्यामुळे तिच्याभोवतीच पुढे तडा जातो. एवढी एक गोष्ट सोडली तर रूपाच्या बाबतीत उदार राहावे, कारण त्या उदारपणाचेच पैसे वाचतात.

प्रेसिंग म्हणजे काय, आणि ते इतके महत्त्वाचे का?

विलोचे लाकूड हलके आणि मऊ असते, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवेने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. सीझन चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते आणि त्याचे वरचे चामडे व शिवण दोन्ही कठीण असतात. असा चेंडू न दाबलेल्या विलोवर आदळला तर तो त्यात रुतेल आणि पाते फुटेल. म्हणून कारखान्यात, बॅटला अंतिम आकार देण्यापूर्वी, पात्याची समोरची बाजू जड रोलरखालून एकापेक्षा जास्त वेळा फिरवली जाते. त्या दाबाने पृष्ठभागाजवळचे तंतू घट्ट बसतात आणि एक कठीण थर तयार होतो, तर आतले लाकूड मऊ आणि लवचीक राहते. चेंडू लागल्यावर वरचा थर तो झेलतो, आतले लाकूड किंचित दबते आणि परत उसळते. चेंडूला मिळणारा वेग या दोहोंच्या मेळातून येतो.

दाब कमी पडला तर वरचा थर पातळ राहतो. अशी बॅट अगदी पहिल्या दिवसापासून सुरेख चालते, पण शिवणीचे ठसे खोल उमटतात, पात्यावर बारीक चिरा पडतात आणि कडा लवकर सोलपटतात. दाब जास्त झाला तर कठीण थर इतका खोल जातो की आतल्या लाकडाला दबायला जागाच उरत नाही, आणि वर्षानुवर्षे वापरून सपाट झालेल्या गादीप्रमाणे ती बॅट उसळी देणे सोडून देते. अशी बॅट सहसा फुटत नाही, म्हणून तिचा मालक ती मजबूत असल्याचे समाधान मानतो, मात्र त्याचे चांगले लागलेले ड्राइव्हसुद्धा सीमारेषेच्या अलीकडे थांबतात.

या दोन दोषांत एक मोठा फरक आहे, आणि खरेदीच्या वेळी तो लक्षात ठेवावा. कमी दाबलेल्या बॅटला आणखी दाब देता येतो. हाताने केलेले नॉकिंग म्हणजे दुसरे काही नसून तेच प्रेसिंग पुढे चालू ठेवणे होय. जास्त दाबलेल्या बॅटमधला दाब मात्र काढून घेता येत नाही. ‘खेळून खेळून खुलेल’ हे विक्रेत्याचे आश्वासन दूर ग्रेनच्या, मध्यम प्रेसिंगच्या बॅटबाबत बरेचसे खरे असते, पण जास्त दाबलेल्या बॅटबाबत ते कधीच खरे ठरत नाही.

दुकानात उभे राहून प्रेसिंग कसे ओळखावे?

घरून दोन वस्तू न्याव्यात: एक जुना पण गोल राहिलेला सीझन चेंडू आणि स्वयंपाकघरातला लहान डिजिटल काटा. दुकानात लाकडी हातोडी, म्हणजे मॅलेट, बहुधा असतेच. ती नसेल तर चेंडूवर काम भागते.

बॅटचे हँडल मुठीत आवळून धरू नये. वरच्या टोकाजवळ अंगठा आणि दोन बोटांत ती सैल लटकत धरावी, म्हणजे पाते मोकळेपणाने कंप पावू शकेल. मग टोपासून साधारण पाच सेंटीमीटरवर सुरुवात करून, दोन-दोन बोटांचे अंतर सोडत, तीस सेंटीमीटरपर्यंत वर जात, मॅलेटने किंवा चेंडूने एकसारख्या बेताच्या जोराने ठोके द्यावेत. योग्य प्रेसिंगच्या बॅटमध्ये ठोक्याचा आवाज मोकळा आणि भरीव येतो, मॅलेट आपणहून मागे येते, आणि साधारण बारा ते वीस सेंटीमीटरच्या पट्ट्यात हँडलमध्ये जवळजवळ काहीच झिणझिण्या जाणवत नाहीत. तो पट्टा म्हणजे बॅटचे मिडल. मॅटवर चेंडू उंच उसळतो, त्यामुळे आपल्याकडच्या खेळाडूने हे मिडल थोडे वर असलेली बॅट घेणे चांगले.

जास्त दाबलेल्या बॅटचा आवाज कोरडा, चपटा आणि आखूड असतो, एखाद्या टेबलावर ठोकल्यासारखा, आणि मॅलेट सगळीकडून सारखेच मेलेले परत येते. येथे मिडल कोठे आहे हेच सापडत नाही, हीच तिची सर्वांत स्पष्ट खूण आहे. कमी दाबलेल्या बॅटचा आवाज खोल आणि मऊसर असतो, मॅलेट जोरात उडते, पण पृष्ठभागावर तिरप्या उजेडात पाहिल्यास ठोक्यांचे उथळ खळगे दिसू लागतात. दुकानदाराची परवानगी घेऊन टोजवळच्या कोपऱ्यात अंगठ्याचे नख दाबून पाहावे: मध्यम दाबात फिकट रेघ उमटते, कमी दाबात नख रुतते, आणि जास्त दाबात काहीच उमटत नाही. कडांवर ही परीक्षा करू नये, कारण पात्याला गोलाई असल्यामुळे रोलर कडांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि सर्वच बॅटच्या कडा नव्या असताना मऊ असतात.

या परीक्षेच्या दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पात्यावर पारदर्शक संरक्षक शीट कारखान्यातूनच चिकटवलेली असेल तर आवाज थोडा बदलतो आणि नखाची परीक्षा होतच नाही, म्हणून शीट असलेल्या बॅटची तुलना शीट असलेल्या बॅटशीच करावी. दुसरे असे की शंभर ग्रॅम जड असलेली बॅट ठोक्याला अधिक चांगले उत्तर देते, कारण तिच्यात वस्तुमानच अधिक असते; त्यामुळे वजनात फार अंतर असलेल्या बॅट एकमेकींशी लावून पाहू नयेत.

दुकानात सर्वांत जास्त स्ट्रोक देणारी बॅट सरळ उचलावी का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुकानातील दहा बॅटपैकी ज्या बॅटवर चेंडू सर्वांत जास्त उडतो, ती बहुधा सर्वांत कमी दाबलेली, सर्वांत जवळ ग्रेनची आणि बऱ्याचदा सर्वांत जास्त वाळलेली असते. या तिन्ही गोष्टी आज प्रतिसाद वाढवतात आणि त्याच उद्या आयुष्य कमी करतात. आकाराने खूप मोठी, कडा जाड, आणि तरीही उचलायला आश्चर्यकारक हलकी अशी बॅट दिसली, तर तिच्या लाकडातील ओलावा बराच काढून टाकला आहे असे समजावे. असे लाकूड ठिसूळ असते.

सर्वांत जास्त उसळी देणारी आणि सर्वांत मेलेली अशा दोन्ही टोकांच्या बॅट बाजूला ठेवून उरलेल्यांत निवड करावी. उरलेल्यांत ज्या बॅटचा प्रतिसाद सर्वांत मोठ्या भागावर एकसारखा आहे ती घ्यावी, कारण नवखा खेळाडू प्रत्येक चेंडू त्याच जागी मधोमध घेईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

एखादे उदाहरण घेऊन निवड कशी करावी ते सांगाल का?

समजा, सांगलीच्या विश्रामबागेत राहणारा एक मधल्या फळीतला फलंदाज आहे. त्याची उंची मध्यम आहे, तो आठवड्यातून तीन दिवस नेटमध्ये आणि रविवारी मॅटवर सामना खेळतो, आणि बॅटसाठी त्याने अकरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदार त्याच्यासमोर तीन शॉर्ट हँडल बॅट ठेवतो.

पहिलीवर पहिल्या ग्रेडचे स्टिकर आहे, अकरा स्वच्छ ग्रेन आहेत, कडा भरपूर जाड आहेत, आणि सवलतीनंतरची किंमत १०,८०० रुपये आहे. काट्यावर ती १,११५ ग्रॅम भरते. चेंडू तिच्यावरून सुंदर उडतो, पण चार ठोक्यांतच तिरप्या उजेडात खळगे दिसतात आणि नख सहज रुतते. एवढ्या जाड कडांना हे वजन फार कमी आहे; लाकूड अतिशय वाळलेले आणि कमी दाबलेले आहे. आठवड्याला तीन दिवसांच्या नेटमध्ये ही बॅट एक हंगाम धड निघेल असे वाटत नाही, आणि सवलतीनंतर उरलेल्या दोनशे रुपयांत तेल आणि शीटही नीट येणार नाही.

दुसरी बॅट दुसऱ्या ग्रेडची, आठ सरळ ग्रेनची, १,१८५ ग्रॅमची, किंमत ९,५०० रुपये. दिसायला तिच्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण टोपासून वर जाताना प्रत्येक ठोक्याचा आवाज तसाच कोरडा येतो, मिडल सापडत नाही, आणि नखाची रेघसुद्धा उमटत नाही. ही जास्त दाबलेली आहे. चांगल्या रूपामुळे अशी बॅट नवखा खेळाडू सर्वांत जास्त वेळा विकत घेतो, आणि पुढे दोन वर्षे आपल्याच फटक्यांत ताकद नाही असे समजत राहतो.

तिसरी तिसऱ्या ग्रेडची आहे. ग्रेन सहा आहेत आणि खांद्याजवळ ते थोडे डावीकडे झुकले आहेत. उजव्या कडेला दोन बोटे लालसर पट्टी आहे आणि मागे दोन तपकिरी ठिपके आहेत. वजन १,१६० ग्रॅम, किंमत ८,२०० रुपये. ठोक्याला तिची उसळी पहिलीपेक्षा उघडपणे कमी आहे, पण दहापासून बावीस सेंटीमीटरपर्यंत ती जवळजवळ सारखी आहे, आवाज मोकळा आहे, आणि नखाची फिकट रेघ उमटते. टो आणि कडा यांवर गाठ नाही. स्टान्स घेऊन ती उचलल्यावर टोकडचा भार जाणवत नाही.

हीच बॅट घ्यावी. दूर ग्रेन आणि मध्यम प्रेसिंग यांमुळे पहिला महिना ती थोडी मंद राहील, हे खेळाडूने आधीच मनाशी स्वीकारावे. उरलेल्या पैशांत मॅलेट, टो गार्ड, पारदर्शक शीट आणि कच्चे जवस तेल हे सर्व येते, आणि या वस्तू पहिल्या बॅटवरील स्टिकरपेक्षा तिच्या आयुष्यात कितीतरी जास्त भर घालतात.

काश्मीर विलोची बॅट घेतली तर?

बिजबेहारा, संगम आणि अवंतीपोरा या भागांत बनणाऱ्या काश्मीर विलोच्या बॅटचे लाकूड अधिक घट्ट आणि तपकिरी छटेचे असते, आणि त्याच आकाराची बॅट इंग्लिश विलोपेक्षा बहुधा जड भरते. टेनिस चेंडूसाठी आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी ती योग्यच आहे. सीझन चेंडूवर मात्र बजेट इंग्लिश विलोच्या तळाशी पोहोचत असेल, तर ब्लीच केलेल्या चौथ्या ग्रेडच्या बॅटपेक्षा वरच्या दर्जाची, नीट दाबलेली, हलकी काश्मीर बॅट मी पसंत करीन. ठोक्यांची परीक्षा तिलाही तशीच लावावी.

वजन किती असावे, आणि आपल्याकडच्या हवेचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

प्रौढ क्लब खेळाडूसाठी १,१३० ते १,१८० ग्रॅम हे वजन बहुतेक वेळा योग्य ठरते. स्टिकरवरील आकड्यावर विसंबू नये. काटा नेण्याचे कारण तेच आहे. ग्रिपचेही वजन त्यात येते, म्हणून दुहेरी ग्रिप चढवलेली बॅट एकेरी ग्रिपच्या बॅटशी तोलू नये.

हवेचा संबंध निश्चित आहे, कारण विलो हवेतला ओलावा घेते आणि सोडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅट थोडी जड होते, आणि मार्च ते मे या काळात सांगलीच्या कोरड्या उन्हात ती ओलावा गमावते. उन्हाळ्यात बॅट पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवल्यास ती इतकी कोरडी होते की हंगामाच्या पहिल्याच यॉर्करवर टो चिरते. घरातल्या आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता आडवी ठेवावी. हिवाळ्यात कृष्णाकाठच्या मैदानांवर सकाळी मॅट दवाने ओली असते. टो हा पात्याचा उघडा, तंतू कापलेला भाग असल्यामुळे तेथून पाणी शोषले जाते आणि टो फुगते. टो गार्ड लावल्याशिवाय अशा मॅटवर गार्ड घेण्यासाठी बॅट आपटू नये.

‘रेडी टू प्ले’ लिहिलेल्या बॅटलाही नॉकिंग लागते का?

लागते. यंत्राने केलेले नॉकिंग पात्याच्या मधल्या भागापुरते उपयोगी पडते. कडा आणि टो, जेथे बॅट प्रत्यक्षात फुटते, ते हातानेच करावे लागतात.

प्रथम कच्च्या जवस तेलाचा पातळ हात द्यावा. रंगाच्या दुकानात सहसा ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेले जवस तेल मिळते, ते रंगकामासाठी असते आणि बॅटला चालत नाही. एक चमचा तेल फडक्याने पाते, कडा आणि टो यांवर पसरावे, हँडल जेथे पात्यात पाचरीसारखे बसवलेले असते तो भाग व स्टिकर टाळावेत, आणि बॅट रात्रभर आडवी ठेवावी. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात पुरे. जास्त तेलाने बॅट जड आणि सुस्त होते, आणि ते तेल पुन्हा काढता येत नाही.

त्यानंतर मॅलेटने दहा-पंधरा मिनिटांच्या बैठकांत, एकूण पाच ते सहा तास नॉकिंग करावे. सुरुवात अगदी हलक्या ठोक्यांनी करून जोर हळूहळू वाढवावा. कडांवर सरळ मारू नये. पात्याच्या पृष्ठभागाकडून तिरपे ठोके देत कडेची धार गोल करीत न्यावी, आणि टोच्या तळावर मॅलेट कधीही मारू नये. कमी दाबलेल्या बॅटला हा वेळ वाढवावा लागतो. काम पुरेसे झाले की नाही हे घड्याळापेक्षा चेंडू चांगले सांगतो: जुन्या सीझन चेंडूवर जवळून हलके कॅच द्यावेत, आणि शिवणीचे खोल ठसे उमटत असतील तर पुन्हा मॅलेटकडे वळावे. ठसे थांबल्यावर नेटमध्ये जुना चेंडू, आणि काही सरावांनंतर नवा चेंडू, असा क्रम ठेवावा. बॉलिंग मशीनचे प्लॅस्टिकचे कठीण चेंडू या काळात पूर्णपणे टाळावेत.

पहिल्या महिन्यातच चिरा दिसल्या, तर बॅट खराब निघाली असे समजावे का?

पात्याच्या पृष्ठभागावर, ग्रेनच्या दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक चिरा आणि कडांवरचे लहान खळगे हे मऊ लाकडाचे स्वाभाविक लक्षण आहे. तेथे बारीक सँडपेपर फिरवून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन, शीट चिकटवावी आणि खेळत राहावे. टोपासून वर चढणारी चीर पात्याच्या मागच्या बाजूलाही दिसत असेल, तर ती आरपार गेली आहे असे समजून लगेच खेळणे थांबवावे आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन ती लाकडाच्या गोंदाने भरून दोऱ्याने बांधून घ्यावी. हँडल पात्याला मिळते तेथे करकर आवाज येऊ लागला किंवा तेथे फट दिसली, तर तो मात्र जोडकामाचा दोष असू शकतो, आणि ती बॅट त्याच आठवड्यात बिलासह दुकानात परत न्यावी. हीच तक्रार तीन महिन्यांनी केली तर दुकानदार ती वापराची झीज ठरवतो. म्हणून खरेदीच्या दिवशीच बिलावर बॅटचे वजन आणि ग्रेड लिहून घ्यावी, आणि टो, दोन्ही कडा व हँडलचा जोड यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.